पेट्रोल इंजिनातला कार्बन: बाटलीतलं औषध कुठे पोचतं आणि कुठे पोचत नाही

पेट्रोल भरताना पंपावरचा मुलगा छोटी बाटली पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, इंजेक्टर क्लीनर टाकू का? अ‍ॅव्हरेज वाढेल." सर्व्हिसला गाडी दिली की अ‍ॅडव्हायजर जॉबकार्डवर "डीकार्बनायझिंग" लिहून ठेवतो. दोघांचं म्हणणं एकच असतं, इंजिनात कार्बन साठलाय आणि तो काढायला हवा. कार्बन साठतो हे खरं आहे. पण तो कुठे साठलाय हे कोणी सांगत नाही, आणि सगळा हिशेब त्याच एका प्रश्नावर अवलंबून आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं औषध फक्त पेट्रोल जिथून वाहतं तिथेच पोचतं. तुमच्या इंजिनात पेट्रोल नेमकं कुठे फवारलं जातं हे एकदा कळलं, की कुठली बाटली घ्यायची, कुठली नाकारायची आणि गाडी कधी उघडायची हे तुम्हाला स्वतःला ठरवता येतं.

हा लेख पेट्रोल गाड्यांपुरता आहे. डिझेलमधला कार्बन मुख्यतः ईजीआर आणि धुराच्या फिल्टरशी जोडलेला असतो, त्याचं तंत्र वेगळं आहे.

आधी आपलं इंजिन ओळखा

पेट्रोल इंजिनात इंधन दोन ठिकाणी फवारता येतं. पहिली पद्धत पोर्ट इंजेक्शनची, जिला आपल्याकडे एमपीएफआय म्हणतात. यात इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसतो आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल मारतो. व्हॉल्व्ह उघडला की हवा आणि पेट्रोल एकत्र सिलिंडरमध्ये जातात. दुसरी पद्धत डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे जीडीआय. यात इंजेक्टरचं टोक थेट सिलिंडरच्या आत असतं आणि इनटेक व्हॉल्व्हवरून फक्त हवा जाते. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही.

गाडीवरच्या नावावरून अंदाज बांधू नका. टर्बो म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असं नसतं. टाटा नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल आणि निसान मॅग्नाइटचं १.० टर्बो ही दोन्ही पोर्ट इंजेक्शनची इंजिनं आहेत. मारुतीच्या 'ड्युअलजेट' नावामुळे अनेकांना वाटतं की त्यात एक इंजेक्टर आत आणि एक बाहेर आहे. प्रत्यक्षात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असले तरी दोन्ही पोर्टमध्येच बसतात. उलट फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय गाड्या, ह्युंदाई आणि कियाची टी-जीडीआय इंजिनं, महिंद्राची टीजीडीआय आणि मारुतीचं १.० बूस्टरजेट ही डायरेक्ट इंजेक्शनची आहेत. काही टोयोटा इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात. तिथे पोर्टमधला इंजेक्टर व्हॉल्व्ह धूत राहतो आणि पुढे सांगितलेला मोठा प्रश्न बराचसा उरतच नाही. खात्री नसेल तर मालकाच्या पुस्तिकेतलं इंजिनाचं तांत्रिक पान बघा, किंवा सर्व्हिस सेंटरला सरळ विचारा, "इंजेक्टर पोर्टमध्ये आहेत की सिलिंडरमध्ये?"

बीएस६ नंतरच्या इंजेक्शनवाल्या दुचाकी आणि स्कूटर पोर्ट इंजेक्शनच्याच आहेत, असं धरून चाललं तरी चालेल.

कार्बन बनतो कसा

इंजेक्टरच्या टोकावरचा थर बहुतेक वेळा गाडी चालताना बनत नाही, ती बंद केल्यावर बनतो. खंडाळ्याचा घाट चढून वर चहाला थांबलात आणि किल्ली फिरवली, की कूलंट फिरायचं थांबतं, पण इंजिनाच्या धातूत भरपूर उष्णता शिल्लक असते. इंजेक्टरच्या टोकाला राहिलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग तापून चिकट वार्निशसारखा घट्ट होतो. पुन्हा सुरू केलं की थोडं धुतलं जातं, थोडं राहतं. म्हणूनच घर, शाळा, मंडई, परत घर अशा तुटक फेऱ्या करणाऱ्या गाडीचे इंजेक्टर लांब पल्ला धावणाऱ्या गाडीच्या आधी खराब होतात. इंजेक्टरची छिद्रं अगदी बारीक असतात, त्यामुळे अगदी पातळ थरानेही फवारा बिघडतो. धुक्यासारखा बारीक फवारा जाऊन त्याची धार होते.

इनटेक व्हॉल्व्हवरचा थर वेगळ्या मालाने बनतो. इंजिन ऑइलच्या डब्यातली वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे पुन्हा इनटेकमध्ये सोडलेली असते, कारण ती हवेत सोडायला परवानगी नाही. या वाफेत ऑइलचे सूक्ष्म थेंब असतात. शिवाय व्हॉल्व्ह स्टेमच्या बाजूने थोडं ऑइल झिरपतं आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना जळलेला वायूही मागे येतो. हे सगळं गरम व्हॉल्व्हच्या पाठीवर बसून भाजलं जातं. पोर्ट इंजेक्शनमध्ये वरून पेट्रोल पडत असल्यामुळे थर ताब्यात राहतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये धुणारं काहीच नसल्यामुळे तो वाढत जातो, कधी कधी काळा, खडबडीत आणि बोटाच्या नखाने न निघणारा.

या थराचा त्रास फक्त वाट अडवण्यापुरता नाही. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत व्हॉल्व्हवरचा सच्छिद्र कार्बन स्पंजसारखा पेट्रोल शोषून घेतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिली काही सेकंदं सिलिंडरला हवं तेवढं पेट्रोल मिळत नाही, गाडी लटपटते, आणि गरम झाली की सुरळीत चालते. "सकाळी मिसिंग मारते, मग नीट चालते" ही तक्रार तिथून येते.

तिसरा थर सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये असतो. तो थोडा असला तर काही बिघडत नाही. फार वाढला तर चढावर नॉकिंग सुरू होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्पार्क मागे घेतो, म्हणजे पिकअप कमी होतो.

बाटलीत काय असतं

बाजारातल्या बाटल्यांत मुख्यतः दोन प्रकारचा ऐवज असतो. काहींमध्ये बहुतांश केरोसीनसारखं पेट्रोलियम द्रावक आणि थोडासा डिटर्जंट असतो. द्रावक वंगणासारखा किंवा पातळ करणारा असतो, पण भाजलेला कार्बन त्याने विरघळत नाही. दुसऱ्या प्रकारात काम करणारा डिटर्जंट पुरेशा प्रमाणात असतो. त्यातही दोन नावं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पीआयबीए, म्हणजे पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला चांगलं आहे, पण सिलिंडरच्या आत स्वतःचा थर वाढवू शकतं. पीईए, म्हणजे पॉलिइथर अमाइन, जास्त तापमानाला टिकतं, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरचा थर सोडवतं आणि ज्वलनकक्षातही फारसं काही मागे न ठेवता जळून जातं. अमेरिकेत १९८०च्या दशकात इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि इंजेक्टर चोंदण्याच्या तक्रारी वाढल्या, त्याच काळात अशा डिटर्जंटचा पेट्रोलमधला वापर वाढला.

बाटलीच्या दर्शनी बाजूवरचं काही वाचू नका. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या मालाची सुरक्षा माहितीपत्रिका, म्हणजे एसडीएस, उतरवून घ्या. तिसऱ्या विभागात घटकांची नावं आणि साधारण टक्केवारी असते. तिथे पॉलिइथर अमाइन लिहिलेलं असेल आणि त्याचं प्रमाण नाममात्र नसेल, तर बाटली विचारात घ्यायला हरकत नाही. फक्त "पेट्रोलियम डिस्टिलेट" किंवा "नॅफ्था" असेल, किंवा माहितीपत्रिकाच मिळत नसेल, तर पैसे ठेवून द्या.

अ‍ॅव्हरेज वीस टक्के वाढेल या दाव्याचं काय? इंजिनातला ऑक्सिजन सेन्सर सतत धूर तपासतो आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोलचं प्रमाण ठीक करत राहतो. इंजेक्टर थोडा चोंदला तर तो जास्त वेळ उघडा ठेवून ईसीयू तूट भरून काढतो. म्हणून नीट चालणाऱ्या गाडीत औषधाला सुधारायला फारसं काही उरलेलंच नसतं. बाटली टाकल्यावर माणूस आपोआप हळू चालवायला लागतो, आणि वाढलेल्या अ‍ॅव्हरेजचा बराचसा भाग तिथूनच येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण सध्या तिचा गैरफायदा घेतला जातोय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई१० वरून ई२० वर गेलं की लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्के कमी होते, आणि शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात टक्क्यांच्या आसपास. लिटरला १८ देणारी गाडी १७.३ देऊ लागली तर तो कार्बन नव्हे, इंधनच बदललंय. तेवढ्या फरकासाठी डीकार्बनायझिंगचे हजारो रुपये देऊ नका.

ऑक्टेन आणि स्वच्छता एक नाही

प्रीमियम पेट्रोलबद्दल लोकांच्या मनात मोठा गोंधळ आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल स्वतःहून पेट न घेण्याची ताकद. त्याचा सफाईशी थेट संबंध नाही. ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये वेगळा डिटर्जंट असू शकतो, पण सफाई त्या डिटर्जंटने होते, आकड्याने नाही. तुमच्या पुस्तिकेत ९१ पुरेसं लिहिलं असेल तर १०० टाकून इंजिन जास्त स्वच्छ होत नाही.

डिटर्जंटने फरक पडतो, हे मात्र चांगलं तपासलेलं आहे. अमेरिकेत २००४ साली बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून पेट्रोलमधल्या डिटर्जंटचा स्वतःचा वरचा दर्जा ठरवला, कारण सरकारी किमान प्रमाण त्यांना अपुरं वाटत होतं. तिथल्या मोटारचालकांच्या 'एएए' या संघटनेने २०१६ मध्ये चाचण्या केल्या. त्या दर्जाच्या बाहेरच्या पेट्रोलने ४,००० मैलांइतक्या चाचणीत इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर साठवला. आपल्या पंपांवर त्या दर्जाची पाटी नसते. म्हणून त्यातून घ्यायचा धडा एवढाच की रोजच्या पेट्रोलमधला थोडा पण सततचा डिटर्जंट अधूनमधून ओतलेल्या मोठ्या बाटलीपेक्षा जास्त मोलाचा असतो. कंपन्यांचं डिटर्जंटयुक्त पेट्रोल भरायचं ठरवलंत तर सलग भरा. महिन्यातून एकदा भरून विशेष काही साधत नाही. आणि हे सगळं फक्त पेट्रोल पोचतं त्या जागांना लागू आहे.

पोर्ट इंजेक्शनची गाडी: पायरी पायरीने

पहिली पायरी बाटलीची नाही, तपासणीची आहे. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आता स्वस्तात मिळतो. तो डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावा, फोनवर अ‍ॅप उघडा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोन आकडे बघा. LTFT म्हणजे ईसीयूने दीर्घकाळात पेट्रोल किती वाढवलं किंवा कमी केलं त्याची टक्केवारी. STFT म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती. दोन्ही मिळून उणे दहा ते अधिक दहाच्या आत असतील आणि मिसफायरचा कोड नसेल, तर इंजेक्टरना हात लावायची गरज नाही.

आकडा आयडलिंगला अधिक १८ आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ असेल, तर कुठेतरी व्हॅक्यूम पाइप फुटलाय किंवा मॅनिफोल्डची गास्केट गळतेय. आयडलिंगला ठीक आणि चढावर जोर लावला की आकडा वर जात असेल, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर झालाय. दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच वाढलेला आकडा मात्र इंजेक्टरकडे बोट दाखवतो. ही तपासणी न करता इंजेक्टर उघडायला सांगणाऱ्या गॅरेजला आधी हे आकडे विचारा.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. समजा, चार सिलिंडरची, १.२ लिटरची हॅचबॅक आहे. ६०,००० किलोमीटर झालेत आणि रोजचा वापर चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा. सकाळी गाडी थरथरते आणि स्कॅनरवर P0303 दिसतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. LTFT आयडलिंगला अधिक १६ आणि २,५०० ला अधिक १५. आधी तिसऱ्याची इग्निशन कॉइल पहिल्याला लावायची आणि कोड पुसायचा. कोड P0301 झाला असता तर कॉइल खराब. समजा तो P0303च राहिला. मग स्पार्क प्लगची तशीच अदलाबदल. तरीही P0303. आता इंजेक्टरवर संशय घ्यायला पुरावा आहे.

इथे पीईए असलेली बाटली कामाची. टाकीत पेट्रोल कमी असताना बाटली ओता आणि वरून पेट्रोल भरा, म्हणजे औषध नीट मिसळतं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. समजा ३०० मिली ६० लिटरसाठी असेल तर लिटरला ५ मिली. तुमच्या ३५ लिटरच्या टाकीला १७५ मिली पुरे. दुप्पट टाकल्याने दुप्पट सफाई होत नाही, उलट न जळलेला भाग रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये उतरतो. स्कूटरच्या ५ लिटरच्या टाकीला त्याच हिशेबाने २५ मिली, औषधाच्या दुकानातली सिरिंज मोजायला उपयोगी पडते. ही टाकी शक्यतो अर्धा-पाऊण तासाच्या सलग फेऱ्यांत संपवा. पुण्याहून साताऱ्याला जाऊन आलात तर उत्तम. सोसायटी ते मंडई नको. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तेव्हाच हे करा, म्हणजे ऑइलमध्ये उतरलेलं औषध जुन्या ऑइलबरोबर बाहेर जाईल.

टाकी संपल्यावर आपल्या उदाहरणात LTFT अधिक १६ वरून अधिक १३ वर आला, पण P0303 पुन्हा दिसला. म्हणजे औषधाने काम केलं, पण ते पुरेसं नाही. आणखी तीन बाटल्या टाकून बघण्यात अर्थ नाही. इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचे. या यंत्रावर चारही इंजेक्टर सारखा वेळ चालवतात आणि खालच्या काचेच्या नळ्यांत पेट्रोलसारखं द्रव साठतं. आकडे आले ४६, ४७, ३८ आणि ४५ मिली. तिसरा स्पष्ट मागे आहे आणि फवाराही एका बाजूला झुकलेला दिसतो. अल्ट्रासॉनिक टाकीत धुतल्यानंतर आकडे ५०, ५०, ४९, ५०. सरासरी ४४ वरून जवळजवळ ५० झाली, म्हणजे साधारण तेरा टक्के वाढ. LTFT मधली तूटही तेवढीच होती, त्यामुळे निदान बरोबर होतं हे पटतं. गाडी जोडल्यावर LTFT शून्याच्या आसपास आला पाहिजे आणि कोड परत येता कामा नये.

बेंचवर काम देताना तीन गोष्टी आवर्जून सांगा. धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे फोटोसह हवेत. ओ-रिंग नव्या घाला, जुन्या पुन्हा बसवल्या की पेट्रोल गळतं आणि गरम इंजिनावर ते धोक्याचं आहे. आणि इंजेक्टरमधली बारीक जाळीही बदला. रेल उघडण्याआधी इंधनाचा दाब काढून घेतला जातोय याकडे लक्ष ठेवा.

मुंबई-पुण्यातल्या सीएनजी गाड्यांना एक वेगळी सूचना. गॅसवर चालताना पेट्रोल इंजेक्टर बंद असतात आणि व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही. टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच राहून जड होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून ते फिरतं राहू द्या. सीएनजीवर सुरळीत आणि पेट्रोलवर झटके, असं असेल तर इंजेक्टर किंवा जुनं पेट्रोल हेच पहिले संशयित.

थ्रॉटल बॉडीची सफाई वेगळी आणि स्वस्त आहे. आयडलिंग वरखाली होत असेल तर आधी तीच करा, मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी किल्ली चालू असताना हाताने ढकलू नका आणि नंतर स्कॅनरने आयडल अ‍ॅडॅप्टेशन करून घ्या.

डायरेक्ट इंजेक्शनची गाडी

इथे चित्र उलटं होतं. इंजेक्टरचं टोक सिलिंडरच्या आत ज्वाळेत असतं आणि त्याच्यावरही थर बसतो. पीईए तिथे पोचतं, म्हणून ऑइल बदलण्याआधीच्या टाकीत, साधारण दहा हजार किलोमीटरला एकदा, चांगली बाटली टाकणं योग्य आहे. पण इनटेक व्हॉल्व्हवर तिचा काहीही परिणाम होत नाही, कारण तिथे ती जातच नाही. टाकीत ओतायच्या बाटलीवर "डायरेक्ट इंजेक्शनचे व्हॉल्व्ह स्वच्छ करते" असं लिहिलं असेल, तर ते त्या इंजिनाच्या रचनेतच शक्य नाही.

हायड्रोजनने डीकार्बनायझिंगचंही तसंच. पाण्याचं विघटन करून मिळालेला वायू अर्धा-एक तास आयडलिंगला इनटेकमध्ये सोडतात. व्हॉल्व्हवरून जाताना तो अजून पेटलेला नसतो, आणि न पेटलेला हायड्रोजन त्या तापमानाला भाजलेला कार्बन विरघळवत नाही. तो पेटतो सिलिंडरमध्ये गेल्यावर, आणि तिथेही आयडलिंगला अगदी कमी जोर असतो. ज्या जागी खरा थर आहे तिथे या उपचाराने काही घडावं असं कारण मला दिसत नाही. करून घ्यायचंच असेल तर आधी आणि नंतर बोरोस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, काढलेले त्याच व्हॉल्व्हचे फोटो मागा. फोटो द्यायला नकार आला तर पैसे देऊ नका.

व्हॉल्व्हला खरंच सफाई लागते का, हे किलोमीटरवरून ठरवू नका. काही गाड्या ५० हजाराला त्रास देतात, काही लाखाच्या पुढे सुरळीत चालतात. लक्षणं बघा: थंडीत स्टार्ट केल्यावर थरथर, एकाच सिलिंडरऐवजी सगळीकडे विखुरलेला मिसफायर म्हणजे P0300, आणि वरच्या आरपीएमला दम कमी पडणं. कॉइल आणि प्लग तपासून ते ठीक निघाले, तर बोरोस्कोप आत घालायचा. बऱ्याच इंजिनांत मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर काढून त्या छिद्रातून बारीक कॅमेरा व्हॉल्व्हपर्यंत नेता येतो. पातळ काळी झिलई सामान्य आहे. व्हॉल्व्हचा स्टेम जाड झालेला आणि पाठीवर ढेकळं दिसली, तर सफाईचा विचार करा.

त्यासाठी खात्रीचा उपाय म्हणजे अक्रोडाच्या कवचाच्या दाण्यांनी ब्लास्टिंग. इनटेक मॅनिफोल्ड काढतात. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतील असा क्रँक हाताने फिरवतात आणि बाकीची पोर्ट झाकतात. मग एका अडॅप्टरमधून कॉम्प्रेस्ड हवेने दाणे मारतात आणि त्याच वेळी व्हॅक्यूमने ते बाहेर ओढतात. अक्रोडाचं कवच कार्बनपेक्षा कठीण आणि व्हॉल्व्हच्या पोलादापेक्षा मऊ असतं, म्हणून धातूला ओरखडा न येता थर उडतो. एक सिलिंडर झाला की क्रँक फिरवून पुढचा. चार सिलिंडरचं काम सरावाच्या हाताला अर्ध्या दिवसाचं आहे.

यात खरा धोका एकच, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर दाणे सिलिंडरमध्ये जातात. गॅरेजला विचारा, "प्रत्येक सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद आहेत हे कसं तपासता?" नीट उत्तर देणारा माणूस क्रँकच्या खुणा किंवा कॅमेरा दाखवतो. मॅनिफोल्डच्या गास्केट नव्या हव्यात. जुन्याच बसवल्या तर सफाईनंतर व्हॅक्यूम गळती सुरू होते आणि लोक समजतात की ब्लास्टिंगने गाडी बिघडली.

इनटेकमध्ये फवारायचे व्हॉल्व्ह क्लीनर स्प्रे पातळ थराला थोडी मदत करतात, भाजलेल्या ढेकळांना नाही. वॉरंटीतल्या गाडीला आधी कंपनीला विचारा. वापरायचाच असेल तर एअरफ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्या पुढे, म्हणजे थ्रॉटलच्या जवळ, गरम इंजिनावर २,००० आरपीएमच्या आसपास, छोट्या छोट्या फवाऱ्यांत. एकदम जास्त द्रव ओतलं तर ते सिलिंडरमध्ये साठून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. थराचा मोठा तुकडा सुटला तर तो एक्झॉस्टमधून टर्बोच्या पात्यांकडे जातो, म्हणून जाड थर असलेल्या टर्बो गाडीत मी हा प्रयोग सुचवणार नाही.

थर साठू नये म्हणून

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत व्हॉल्व्हवरचा माल मुख्यतः ऑइलमधून येतो, म्हणून पेट्रोलपेक्षा ऑइलवर जास्त खर्च करा. पुस्तिकेत दिलेला दर्जा जसाच्या तसा वापरा. निवड असेल तेव्हा ऑइलच्या माहितीपत्रकात 'नोआक' हा आकडा बघा. २५० अंशांना तासभर तापवल्यावर किती टक्के ऑइल उडून गेलं ते तो सांगतो. युरोपीय एसीईए सी वर्गात तो जास्तीत जास्त १३ आणि आयएलएसएसीच्या दर्जात १५ चालतो. दोन योग्य ऑइलांपैकी कमी नोआकचं घ्या. टर्बो गाडीत एपीआय एसपी दर्जा बघा, कारण तो कमी आरपीएमला होणाऱ्या अकाली ज्वलनाचीही चाचणी पार करतो.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू देऊ नका, जास्तीचं ऑइल पीसीव्हीमार्गे इनटेकमध्येच जातं. पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला असेल तर बदला. तुटक फेऱ्यांचा वापर असेल तर ऑइल किलोमीटरऐवजी महिन्यांवर बदला, कारण अशा वापरात पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये मिसळत राहतं. कॅच कॅन, म्हणजे पीसीव्हीच्या वाटेवर ऑइल अडवणारा डबा, लावल्याने थोडं ऑइल अडतं, पण व्हॉल्व्ह स्टेमवरून झिरपणारं अडत नाही, आणि वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो.

आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास वरच्या आरपीएमला गाडी चालवा, हा जुना सल्ला सिलिंडरच्या आतल्या थराला, इंजेक्टरला आणि ऑइलला बरा आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हवर आधीच भाजून बसलेला थर त्याने निघत नाही.